हात भिजतात किती वेळ?

प्रश्न : मी तीन घरची धुणीभांडी आणि एका ऑफिसची लादी करते. बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्यात, मीठ लागलं की चरचरतं. सुट्टी घेतली की बरं वाटतं, मग पुन्हा तेच. फिनेलची ॲलर्जी असेल का?

ॲलर्जीपेक्षा सततच्या ओलाव्याचा त्रास असण्याची शक्यता जास्त आहे. कामामुळे होणाऱ्या हाताच्या इसबात बहुतेकांचा त्रास असाच असतो. पाणी आणि साबण त्वचेतली चरबी रोज थोडी थोडी काढून नेतात आणि ती भरून निघायला वेळच मिळत नाही. म्हणून फिनेल बदलून फारसा फरक पडत नाही.

सुट्टीत भेगा मिटतात, पण वरून बरी दिसणारी कातडी आतून पूर्ववत व्हायला आणखी कित्येक आठवडे लागतात. तेवढे दिवस सुती हातमोज्यांवर लांब रबरी हातमोजे घाला आणि त्यांची कड बाहेर दुमडा, म्हणजे हात वर केल्यावर पाणी आत ओघळणार नाही. काम संपल्यावर आणि झोपताना बिनवासाचं व्हॅसलीन बोटांच्या बेचक्यांत आणि हाताच्या पाठीवर चोळा. हे आपण तळहाताला लावतो आणि नेमकी पाठ विसरतो. मेडिकलमधून खाजेचं 'मिक्स' मलम मात्र स्वतःहून आणू नका. त्यातल्या स्टेरॉइडने आठवडाभर आराम पडतो, पण कातडी पातळ होते.

प्रश्न : माझं पार्लर आहे. दिवसाला ७-८ हेअरवॉश, ३-४ कलर. कलर लावताना ग्लव्हज घालते, तेच धुऊन पुन्हा वापरते. बोटांवर पाण्याचे बारीक फोड येतात आणि आता पापण्याही सुजतात. अमोनिया-फ्री कलर घेतला, तरी तेच.

पापण्या सुजतात म्हणून मला इथे खऱ्या ॲलर्जीचा संशय येतो. केसांच्या गडद रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं. अमोनिया काढला तरी ते तसंच राहतं. 'पीपीडी-फ्री' लिहिलेल्या काही रंगांत त्याचंच भावंड असतं आणि अनेकांना तेही सोसत नाही. काळ्या मेंदीतही बऱ्याचदा पीपीडी मिसळलेलं असतं.

तुमच्या दिवसात रंग हाताला कुठे लागतो ते पाहू. ग्लव्हज काढताना बाहेरचा रंग आत जातो आणि दुसऱ्यांदा घातल्यावर तो कातडीवर दाबून बसतो. म्हणजे ते ग्लव्हज न घातल्यापेक्षाही वाईट ठरू शकतात. रंग धुताना तुम्ही हात उघडे ठेवत असाल, तर तेव्हाही तो लागतो. रंगानंतर लगेच केस कापले, तर ओल्या केसांतून पुन्हा बोटांना लागतो. म्हणून केस आधी कापा, रंग नंतर लावा. लावताना आणि धुताना नायट्राइलचे ग्लव्हज घाला आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर टाकून द्या. शॅम्पूलाही ग्लव्हज लागतीलच, कारण भिजून फुटलेल्या कातडीतून ॲलर्जी सहज शिरते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि पाठ पुन्हा ९६ तासांच्या सुमारास पाहतात. पुष्कळजण दुसऱ्या खेपेला येतच नाहीत, आणि उशिरा उमटणारी ॲलर्जी निसटते. टेस्ट पीपीडीची निघाली, तर ती ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. मग रंगाचं काम सहकाऱ्याकडे द्यावं लागेल, हे मी लपवत नाही.

प्रश्न : गॅरेजमध्ये ग्रीस साबणाने निघत नाही, म्हणून पेट्रोल किंवा रॉकेलने हात धुतो. आधी लावायचं एखादं क्रीम आहे का?

क्रीमवर भिस्त ठेवू नका, ते हातमोज्याची जागा घेत नाही. पेट्रोल ग्रीसबरोबर तुमच्या कातडीची चरबीही विरघळवतं, आणि वर कपडे धुण्याची पावडर किंवा भुसा घासला की खरचटतं. आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग थोडं खायचं तेल चोळून ग्रीस सुटू द्या, पुन्हा पुसा, शेवटी सौम्य साबण. नखांच्या कडेला थोडा काळेपणा राहिला तर राहू द्या.

प्रश्न : मी एका रुग्णालयात १२ सफाई कामगार बायकांची सुपरवायझर आहे. सगळ्यांसाठी काय सुरू करता येईल?

आधी आठवडाभर प्रत्येकीचे ओले तास मोजा. जर्मनीतल्या नियमांत पाळीत दोन तासांहून जास्त वेळ हात ओले असले, तर ते 'ओलं काम' धरतात. हातमोज्यातला घामही ओलावाच आहे, म्हणून पाळीभर एकच जोडी चढवून ठेवणं चुकीचं. मोजल्यावर ओली आणि कोरडी कामं आलटून पालटून द्या. हात मळलेले दिसत नसतील आणि नियमांत बसत असेल, तिथे साबणाऐवजी अल्कोहोलचं हँडरब द्या. थोडं चुरचुरलं तरी कातडी साबणाने जास्त सुकते.

आठवड्यातून एकदा प्रत्येकीच्या बोटांची बेचकी उजेडात पाहा. लाली आणि कोंडा सगळ्यात आधी तिथेच दिसतो, भेगा पडायच्या कितीतरी आधी. पण हात दाखवले तर काम जाईल, या भीतीने बायका ते पदराखाली लपवतात. म्हणून लाली दिसली तर तिला घरी बसवायचं नाही, महिनाभर कोरडं काम द्यायचं, हे तपासणी सुरू करायच्या आधीच सगळ्यांसमोर सांगा.