पीसीआर लॅबमधल्या वेगळ्या खोल्या आणि आमच्या जेलरूमचा कूलर

प्रश्न: आमच्या लॅबला पीसीआरसाठी एकच मोठी खोली मिळते आहे. मधे काचेचं पार्टिशन टाकून दोन्हीकडे वेगळे पिपेट आणि एप्रन ठेवले तर भागेल का? की खरंच वेगवेगळ्या खोल्या लागतात? निगेटिव्ह कंट्रोल आम्ही रोज लावतोच.

उत्तर:

रन संपल्यावर ट्यूब उघडता की नाही, यावर सगळं अवलंबून आहे आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही. जेल चालवत असाल किंवा नेस्टेड करत असाल तर पार्टिशनने भागणार नाही. जो कोणी भागेल म्हणतो त्याने कंटॅमिनेशन निस्तरलेलं नाही. आणि खोल्या वेगळ्या केल्या म्हणजे सुटलात, असंही समजू नका. मी पूर्वी ज्या लॅबमध्ये होते तिथे चार खोल्या होत्या. नकाशा अगदी पुस्तकातल्यासारखा: मास्टर मिक्स, एक्स्ट्रॅक्शन, मशीन आणि शेवटी जेलरूम. तरी उन्हाळ्यात आमचे पाण्याचे कंट्रोल पॉझिटिव्ह यायला लागले.

आधी एक हिशोब करून बघा. पूर्ण वाढलेल्या २५ मायक्रोलिटरच्या रिअॅक्शनमध्ये प्रॉडक्टच्या सुमारे एक लाख कोटी प्रती असू शकतात. म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये चार हजार कोटी, आणि त्या मायक्रोलिटरच्या दहा लाखाव्या भागातही चाळीस हजार. झाकण उघडताना जो फट् आवाज होतो, त्यात एवढा बारीक तुषार उडतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. आपली टेस्ट तर दहा-वीस प्रती पकडायला बनवलेली असते.

आम्ही टीबीची नेस्टेड पीसीआर करायचो. बरीचशी सॅम्पल्स वंध्यत्वासाठी तपासणीला आलेल्या बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तराची. अशा सॅम्पलमध्ये पॉझिटिव्ह लिहिलं की त्या बाईला सहा महिने टीबीची औषधं सुरू होऊ शकतात, आणि घरात जे ऐकावं लागतं ते वेगळंच. एप्रिलच्या मध्यापासून एनटीसीला अधूनमधून पुसट बँड दिसायला लागला. रोज नाही. एखाद्या रनला यायचा, पुढचे दोन-तीन रन स्वच्छ, मग पुन्हा यायचा. आमच्या मोठ्या सरांनी निकाल लगेच देऊन टाकला: मास्टर मिक्स लावणाऱ्या मुलीच्या हाताला वळण नाही. तिला सगळ्यांसमोर बोलले, लेखी खुलासा मागितला. मी तिच्या शेजारी उभं राहून तिचं काम पाहिलेलं होतं. टिप कधी कशाला टेकली नाही, ग्लोव्हज बदलल्याशिवाय तिने फ्रीजला हात लावला नाही.

असा बँड दिसला की पहिला प्रश्न, तो कुठल्या ब्लँकला आला. प्रत्येक एनटीसीला सारखाच आला तर पाणी, प्राइमर किंवा बफर घाण झालेला असतो. ते फेकायचं, नवीन अॅलिकॉट उघडायचं. फक्त एक्स्ट्रॅक्शन ब्लँकला आला आणि एनटीसी स्वच्छ असेल तर एक्स्ट्रॅक्शनचं टेबल किंवा त्याचे रीएजंट पाहायचे. आमच्याकडे यातलं काहीच ठाम नव्हतं. कधी इथे, कधी तिथे. असं तुरळक येतं तेव्हा रीएजंटवरचा संशय कमी करून हवा, पिपेट आणि पृष्ठभाग यांच्याकडे वळायला हवं. सर किट बदलत बसले. किटमुळे होत असतं तर रोज झालं असतं.

मी स्वॅब घेतले. स्टराइल स्वॅब न्यूक्लिएज-फ्री पाण्यात ओला करून मास्टर मिक्सचं टेबल, तिथल्या लहान पिपेटचा दांडा, फ्रीजचं हँडल, कॉरिडॉरमधल्या दारांच्या मुठी आणि जेलरूमचं टेबल असं सगळं पुसलं, थोड्या पाण्यात घोळवलं आणि तेच पाणी टेम्प्लेट म्हणून लावलं. एक न वापरलेला स्वॅबही सोबत ठेवला. पण आपलेच रीएजंट संशयात असताना आपल्याच लॅबमध्ये ही टेस्ट करण्याला अर्थ नसतो. म्हणून हे नमुने ओळखीच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये नेले. तिथे टीबीची पीसीआर कधीच झालेली नव्हती. प्राइमरच्या न उघडलेल्या व्हायल्स तिथेच उघडल्या.

नेस्टेडचा इथे एक फायदा होतो. प्रत्येक स्वॅब दोनदा लावायचा, एकदा बाहेरच्या प्राइमरने आणि एकदा आतल्या. खरा जिवाणू किंवा पहिल्या फेरीचं प्रॉडक्ट असेल तर दोन्हीकडे बँड यायला हवा. दुसऱ्या फेरीचं प्रॉडक्ट असेल तर फक्त आतल्या प्राइमरने येतो, कारण बाहेरचे प्राइमर जिथे बसतात तो तुकडा त्यात नसतोच. आमच्याकडे फक्त आतल्याने आला: जेलरूमचं टेबल, कॉरिडॉरची मूठ, मास्टर मिक्सचं टेबल. बाहेरच्या प्राइमरने एकही नाही. दोन्ही जोड्या पातळ केलेल्या पॉझिटिव्ह कंट्रोलवर त्याच रनमध्ये नीट चालल्या होत्या, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. दुसऱ्या फेरीची ट्यूब आम्ही एकाच ठिकाणी उघडायचो, जेलरूममध्ये. आणि ती मुलगी जेलरूममध्ये जातच नव्हती.

मग ते तिथून आलं कसं? नागपूरकरांना सांगायला नको, एप्रिल लागला की खिडकीला कूलर बसतो. जेलरूमच्या खिडकीला मोठा डेझर्ट कूलर होता. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, आणि ती निघून जायला वाट लागते, नाहीतर खोली कोंदट होते. म्हणून जेलरूमचं दार दिवसभर उघडं असायचं. ज्या खोलीत हवा आत खेचली जायला हवी, नेमकी तीच खोली सगळ्या कॉरिडॉरभर हवा फेकत होती. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला मास्टर मिक्सची खोली, तिच्या दाराखाली बोटभर फट. मी कॉरिडॉरमध्ये त्या फटीपाशी अगरबत्ती धरली. कूलर बंद असताना धूर सरळ वर गेला. कूलर लावला तसा तो आडवा झाला आणि फटीतून आत गेला.

सरांना धूर पुरेसा वाटला नाही, म्हणून पाण्याच्या उघड्या ट्यूब मास्टर मिक्सच्या टेबलावर दोन तास ठेवल्या. एकदा कूलर चालू असताना आणि टेबल ब्लीचने नीट पुसून एकदा बंद असताना. झाकणं लावून त्याच कॉलेजच्या लॅबमध्ये लावल्या. चालू असतानाच्या काही ट्यूबना बँड आला, बंद असतानाच्या सगळ्या स्वच्छ. तोवर नवतपा सुरू झाला होता आणि त्या मुलीने नोकरी सोडली होती.

म्हणून सांगते, एकदिशा काम म्हणजे फक्त माणसाने कुठून कुठे जायचं एवढंच नाही. हवेनेही त्याच दिशेने जायला हवं. जेलरूमला थेट बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट हवा, दार आपोआप लागणारं हवं आणि तिथे कूलर कधीच नको. मास्टर मिक्सच्या खोलीला एक्झॉस्ट लावू नका, तो कॉरिडॉरची हवा आत ओढतो. स्प्लिट एसी चालतो, कारण तो त्याच खोलीची हवा फिरवतो. सगळ्या खोल्यांना एकच डक्ट असलेला सेंट्रल एसी मात्र कूलरइतकाच वाईट. तुमच्या काचेच्या पार्टिशनचं उत्तर यात आलंच. ते छतापर्यंत बंद नसेल तर ती एकच खोली आहे.

माणसाचा नियमही तितकाच कडक हवा. जेलरूममध्ये गेलेला माणूस त्या दिवशी मास्टर मिक्सला परत येत नाही. त्याचा मोबाइल, पेन, रॅक आणि जेलचे छापील फोटोही नाहीत. फोटो कॉम्प्युटरवरून पाठवा. फरशी पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. आमच्या झाडूवाल्या मावशी शेवटच्या खोलीपासून सुरुवात करायच्या, कारण तिथून जिना जवळ पडायचा. हे कोणाच्याच लक्षात नव्हतं.

आता ‘निगेटिव्ह कंट्रोल रोज लावतोच’ याबद्दल. समजा दर दहा ट्यूबमागे एकीत घाण पडते आहे. एक एनटीसी लावलात तर तो दहापैकी नऊ वेळा स्वच्छच येणार. आठ लावलेत तरी सगळे स्वच्छ येण्याची शक्यता ४३ टक्के उरते. तेव्हा एका स्वच्छ एनटीसीवर रिपोर्ट सोडताना फार निर्धास्त राहू नका. निदान दोन एनटीसी ठेवा: एक मास्टर मिक्सच्या खोलीतच पाणी घालून बंद करायचा, दुसरा टेम्प्लेट घालून होईपर्यंत उघडा ठेवून सगळ्यात शेवटी बंद करायचा. पहिला स्वच्छ आणि दुसरा पॉझिटिव्ह आला तर दोष टेम्प्लेट घालण्याच्या जागी आहे, हे तिथल्या तिथे कळतं. प्रत्येक एक्स्ट्रॅक्शन बॅचला वेगळा ब्लँक. महिन्यातून एकदा स्वॅब आणि एक अख्खी ओळ नुसत्या पाण्याची. आणि पॉझिटिव्हचं प्रमाण महिन्यागणिक रजिस्टरमध्ये लिहा. एकाच प्रकारच्या सॅम्पलमध्ये ते अचानक वर चढलं की रिपोर्ट थांबवून आधी लॅब तपासायची. आमच्या रजिस्टरमध्ये ते चढलेलं दिसत होतं. वरच्यांनी ते रुग्ण वाढले म्हणून वाचलं.

सफाईबद्दल एवढंच, की स्पिरिटने डीएनए मरत नाही, नुसता सरकतो. ताजं केलेलं १० टक्के ब्लीच दहा मिनिटं ठेवून मग पाण्याने पुसा, नाहीतर उरलेलं ब्लीच पुढच्या रिअॅक्शनला बाधतं आणि स्टीलही खातं. एक्स्ट्रॅक्शन किटच्या ग्वानिडिन असलेल्या बफरवर ब्लीच अजिबात टाकू नका, विषारी वायू निघतो. यूव्ही लावा, पण लहान प्रॉडक्टवर आणि सावलीतल्या जागेवर त्याचा भरवसा नाही. वापरलेल्या ट्यूब न उघडता दोन पिशव्यांत बंद करून टाका, ऑटोक्लेव्ह करू नका. तिथे झाकणं उडतात.

एक राहिलंच. तुमचं मशीन रिअल-टाइम असेल आणि ट्यूब कधीच उघडत नसाल तर माझं बरंचसं वरचं म्हणणं सौम्य करून घ्या. तेव्हा मास्टर मिक्सची एक पूर्ण बंद खोली आणि बाकीच्यासाठी दुसरी, एवढ्यात नीट काम होतं. किटमध्ये यूएनजी एन्झाइम असेल तर आणखी चांगलं, मात्र ते फक्त यू असलेलं प्रॉडक्ट कापतं, जुन्या टी असलेल्या प्रॉडक्टला हात लावत नाही. नेस्टेडच्या दुसऱ्या फेरीत तर ते चालतच नाही, पहिल्या फेरीचं यू असलेलं प्रॉडक्टच कापून टाकेल.

पार्टिशनवर पैसे घालण्याआधी उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी तुमच्या त्या खोलीत अगरबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा. आणि पुढे कधी एनटीसीला बँड आलाच, तर कोणाकडून खुलासा मागण्याआधी स्वॅब घ्या.