फोटोतला नट खरा की ‘ज्युनिअर’?

प्रश्न: आमच्या मामांचा एक जुना फोटो आहे. नाशिकमधल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात स्टेजवर ते एका प्रसिद्ध नटाला हार घालताहेत. नट पूर्ण मेकअपमध्ये आहे, केसांची तीच ठेवण, तीच मिशी, चेहरा हुबेहूब. मामांच्या पंच्याहत्तरीच्या पुस्तिकेत फोटोखाली त्या नटाचं नाव छापायचंय, पण घरात काहीजण म्हणतात तो ड्युप्लिकेट होता. मामांना आता नीट आठवत नाही. फोटो नीट बघून कोणी खात्रीने सांगेल का?

उत्तर:

फोटो दोनदा मोठा करून पाहिला. नाव सांगता येणार नाही. फोटो जुना आहे म्हणून नव्हे. कालच काढलेला, स्वच्छ फोटो असता तरी माझं उत्तर हेच असतं. मी हौशी नाटकांची रंगभूषा करतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये बराच काळ गेलाय, त्यामुळे चेहरा ‘बनतो’ कसा तेवढं सांगू शकतो.

आधी नाक घ्या. बसकं नाक धारदार दाखवायचं असेल तर नाकाला हातही न लावता काम होतं. दोन्ही बाजूंनी बेसपेक्षा गडद रंगाची एकेक रेघ ओढून ती बोटाने कडेला विरवायची आणि मधल्या दांड्यावरून उजळ रंगाची अरुंद पट्टी न्यायची. पट्टी सरळ गेली की नाक सरळ, मध्ये किंचित रुंद केली की नाकाला उंचवटा. गालफडं बसवणं, हनुवटीला खळी पाडणं, जबडा चौकोनी करणं, सगळं याच पद्धतीने. आपला डोळा उजेड-सावलीवरून आकार ओळखतो, आणि कॅमेरा तर फक्त उजेड-सावलीच टिपतो. फोटोतला गडद भाग ही खरी सावली आहे की ब्रशने लावलेला रंग, हे त्या एका फोटोवरून वेगळं काढता येत नाही. समोर उभं असलात तर माणसाने मान वळवली की खरी सावली सरकते, रंगाची जागच्या जागी राहते. फोटोत मान वळत नाही.

तुमच्या फोटोत तर समोरून फ्लॅश पडलाय. फ्लॅश चेहऱ्याच्या खऱ्या सावल्या पुसून टाकतो आणि रंगवलेल्या तेवढ्या ठेवतो. म्हणजे दिसतोय तो बराचसा रंगभूषाकाराचा चेहरा आहे.

भुवयांचंही तसंच. मूळच्या भुवया साबणाने किंवा गोंदाने कातडीला चिकटवून बसवतात, वर बेस चढवतात आणि हव्या त्या उंचीवर नव्या काढतात. मिशी क्रेपची, स्पिरिट गमने लावलेली. टोप जाळीचा असेल तर कपाळावरची केसांची रेषासुद्धा मनासारखी पुढे-मागे घेता येते. एकेक करून पाहा: केस, भुवया, नाकाची धार, मिशी, चष्मा. घरातले सगळे ज्या खुणांवरून ‘अरे, हा तोच!’ म्हणताहेत त्या सगळ्या उसन्या आणता येणाऱ्या आहेत. आणि नक्कल करणारा त्याच नेमक्या आणतो, कारण प्रेक्षक त्याच बघतात हे त्याला ठाऊक असतं.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. तुम्ही हा फोटो कशाशी ताडून बघताय? त्या नटाच्या सिनेमातल्या फोटोंशी. तोही मेकअपमधलाच चेहरा, बहुतेक एकाच गाजलेल्या भूमिकेतला. नक्कल करणारा त्या माणसाची नव्हे, त्या भूमिकेची नक्कल करतो. दोन रंगवलेले चेहरे जुळले तर रंगभूषा जुळली एवढंच कळतं. उलट खरा नट त्या दिवशी कमी मेकअप करून आला असता तर तो स्वतःच्याच पोस्टरशी जुळला नसता!

आपल्या नाशिकच्याच दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण आठवा. १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. ज्याला हे माहीत नाही त्याच्यापुढे दोन स्थिरचित्रं ठेवा, तो ही दोन माणसं म्हणूनच सांगेल. एका माणसाचे दोन होतात तसे दोघांचा एकही होतो.

मग मोजमाप? डोळ्यांतलं अंतर, नाकाची रुंदी वगैरे. इथे कॅमेऱ्याचं अंतर आडवं येतं. कॅमेरा एका फुटावर धरला तर नाकाचा तळ पाच फुटांवरून दिसतो त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो, असा हिशेब सेल्फींच्या बाबतीत मांडला गेलाय. तुमचा फोटो स्टेजखालून, वर बघत काढलाय, त्यामुळे हनुवटी मोठी आणि कपाळ आखूड आलंय. किती अंतरावरून, कोणत्या लेन्सने, याची नोंद नाही. असे आकडे काढून ताडण्यात अर्थ नाही.

राहिल्या न रंगवता येणाऱ्या खुणा: कानाची घडण, दातांची ठेवण, हाताची बोटं. यांचा उपयोग आहे, पण एकाच बाजूने. कानाची पाळी स्पष्टपणे निराळी दिसली तर ‘हा तो नव्हे’ म्हणायला आधार मिळतो. जुळली तर ‘हाच तो’ असं मात्र ठरत नाही, तशा कानाची माणसं आणखी असतातच. तुमच्या फोटोत एक कान टोपाखाली आहे आणि दुसरा हाराआड, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

बोटांचंही खात्रीचं नाही. १९४४ साली ब्रिटिश सैन्याने जनरल मॉन्टगोमेरीचा तोतया म्हणून क्लिफ्टन जेम्स नावाच्या नटाला जिब्राल्टरला पाठवलं, शत्रूची दिशाभूल करायला. जेम्सचं एक बोट पहिल्या महायुद्धात गेलं होतं, मॉन्टगोमेरीची सगळी शाबूत. म्हणून त्याला खोटं बोट बसवलं. जी खूण त्याला उघडी पाडेल ती आधीच ओळखून झाकली होती. गावोगावचा ‘ज्युनिअर’ कलाकार इतकं करणार नाही हे खरं, पण तीळ झाकायला बेसचा एक थर आणि नवा काढायला पेन्सिलीचं एक टोक पुरतं.

तेव्हा चेहरा सोडा आणि कार्यक्रमाचा माग काढा. मंडळाकडे त्या वर्षीची पत्रिका, पावतीपुस्तक किंवा जमाखर्चाची वही असेल तर बघा. मोठा नट आला असेल तर मानधन किंवा प्रवासखर्चाची नोंद ठळक दिसेल, आणि स्थानिक वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी बातमी आलेली असेल. वर्ष नक्की झालं की सार्वजनिक वाचनालयात जुने अंक चाळता येतील. पत्रिकेत नावाआधी बारीक अक्षरात ‘ज्युनिअर’ किंवा नावापुढे ‘फेम’ आहे का तेही पाहा; बरेच कलाकार ते प्रामाणिकपणे छापतात, आपणच ते वाचत नाही. त्याच दिवशीचे इतर फोटो मिळाले, विशेषतः जेवताना किंवा गाडीतून उतरतानाचे, मेकअपशिवायचे, तर ते या फोटोपेक्षा कितीतरी कामाचे.

यातलं काहीच हाती लागलं नाही तर नाव छापू नका. ‘गणेशोत्सवातील कार्यक्रमात कलाकाराचा सत्कार करताना’ एवढी ओळ पुरते. फोटोत मामा नक्की कोण आहेत याबद्दल तर घरात दुमत नाही ना?