अजिंठा आणि पितळखोऱ्याच्या तीन फोटोंत स्तूप, चैत्यगृह आणि विहार कसे ओळखावेत

प्रश्न: जळगावहून शाळेच्या मुलांना घेऊन अजिंठ्याला गेले होते. त्याआधी चाळीसगावकडून जाऊन पितळखोरेही पाहिले. आता तीन फोटोंखाली नावे लिहायची आहेत. पहिल्यात कमानदार छत, दोन्ही बाजूंना खांब आणि टोकाला बुद्धमूर्ती कोरलेला उंच गोल दगड आहे. दुसऱ्यात, लेणे क्र. १२ मध्ये, चौकोनी दालन आहे आणि भिंतीतल्या दारांवर कमानी आहेत, म्हणून मी त्याला चैत्य म्हटले. तिसऱ्यात, पितळखोऱ्याच्या लेणे क्र. ३ मध्ये, नुसत्या खांबांच्या रांगा दिसतात. यांतला स्तूप कोणता, चैत्य कोणता आणि विहार कोणता?

उत्तर:

ताई, आधी शब्दांचा गोंधळ दूर करू, कारण निम्मी अडचण तिथेच आहे. स्तूप ही पूजेची वस्तू आहे. ती वस्तू मध्ये ठेवून तिच्याभोवती प्रदक्षिणा घालता यावी म्हणून कोरलेले दालन म्हणजे चैत्यगृह. भिक्खूंच्या राहण्यासाठी कोरलेले लेणे म्हणजे विहार. म्हणजे ही तीन नावे एका पातळीवरची नाहीत, आणि एकाच फोटोत स्तूप आणि चैत्यगृह दोन्ही असू शकतात, किंबहुना बहुतेक वेळा असतातच. आपण बोलताना चैत्यगृहालाच नुसते ‘चैत्य’ म्हणतो, पण हा शब्द स्तूपासाठीही वापरला जातो. मुलांसाठी लिहिताना दालनाला चैत्यगृह आणि आतल्या वस्तूला स्तूप असे लिहावे, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या कोरीव लेखांतही ‘चेतियघर’ हा शब्द आलेला आहे, तेव्हा ‘गृह’ जोडणे ही काही आजची क्लिष्टता नाही.

फोटो ओळखताना बहुतेकांची नजर आधी कमानीवर किंवा बुद्धमूर्तीवर जाते, आणि फसवतात त्याच दोन गोष्टी. पिंपळपानाच्या आकाराची कमान चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर असते, तशीच ती नक्षी म्हणून विहारातही कोरलेली असते. बुद्धमूर्ती तर पाचव्या शतकातल्या विहारांत मागच्या गाभाऱ्यात हमखास असते. म्हणून मी फोटो हातात आला की आधी छत पाहतो, मग खांबांची रांग कुठे वळते ते पाहतो, मग बाजूच्या भिंतीत खोल्यांची दारे आहेत का ते पाहतो. कमान आणि मूर्ती त्यानंतर.

या क्रमाने तुमचा पहिला फोटो पाहू. छत बैलगाडीच्या टपासारखे गोलाकार आहे आणि त्यावर आडव्या फासळ्या आहेत. या फासळ्यांना दगडी छतात काहीही काम नाही, छत त्यांच्यावर तोललेले नाही. लाकडी इमारतीत कमानदार छपराला ज्या वाकवलेल्या तुळया लागत, त्यांचे रूप कारागिरांनी दगडात उतरवले. अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या लेणे क्र. १० मध्ये मधल्या छताला खरोखरीच्या लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या. त्या आता नाहीत, पण त्यांच्या खाचा दिसतात. छताखाली खांबांच्या दोन रांगा सरळ आत जातात आणि टोकाला एकमेकींकडे वळून त्या गोल दगडाच्या मागून जुळतात. खांब आणि भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी वाट राहते, ती प्रदक्षिणेची. बाजूच्या भिंतीत एकाही खोलीचे दार नाही. हे चैत्यगृह आहे याबद्दल शंका नको.

तो गोल दगड म्हणजे स्तूप. खाली उंच चौथरा, ज्याला मेधी म्हणतात. त्यावर घुमटासारखा भाग, तो अंड. त्यावर चौकोनी पेटीसारखी हर्मिका आणि सर्वांत वर छत्रे. तुमच्या फोटोत तीन छत्रे एकावर एक चढत छतापर्यंत पोहोचली आहेत आणि पुढच्या बाजूला खांबांच्या चौकटीत उभा बुद्ध आहे. अजिंठ्यात अशी जोडी लेणे क्र. १९ मध्ये आहे. लेणे क्र. २६ चा स्तूपही असाच सजवलेला आहे, पण तिथला बुद्ध पाय खाली सोडून आसनावर बसलेला आहे, म्हणून एकट्या मूर्तीवरून ही दोन लेणी वेगळी करता येतात. शेजारी ठेवायला क्र. ९ किंवा १० चा फोटो असेल तर मुलांना तोही दाखवा. तिथले स्तूप साधे आहेत, त्यांवर बुद्धमूर्ती कोरलेली नाही, कारण ती लेणी बुद्धाला मूर्तिरूपात दाखवण्याची रीत येण्याआधीची आहेत. म्हणजे मूर्ती नाही म्हणून तो स्तूप नव्हे, असे समजू नये.

क्र. ९ बद्दल एक सावधगिरी सांगून ठेवतो. त्या लेण्याची मागची भिंत गोल नाही, दालन लांबट चौकोनी आहे. फोटोत कोपरे काटकोनात दिसतात आणि पाहणारा ‘हा विहार असावा’ असे म्हणून मोकळा होतो. पण खांबांची रांग बघितली तर ती स्तूपामागून वळलेली आहे. म्हणूनच मी भिंतीचा नव्हे, खांबांचा वळसा पाहायला सांगतो.

आता दुसरा फोटो, ज्यावर तुमचा अंदाज चुकला आहे. चुकणे अगदी स्वाभाविक होते, कारण त्या दारांवरच्या कमानी खरोखरच चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीची छोटी प्रतिकृती आहेत आणि त्यांना जोडणारी कठड्याची नक्षी सगळ्या भिंतीवरून फिरलेली आहे. पण छत पाहा, ते सपाट आहे. दालन चौकोनी आहे आणि मध्ये एकही खांब नाही. तीन भिंतींत प्रत्येकी चार, म्हणजे एकूण बारा दारे आहेत आणि प्रत्येक दारामागे एक छोटी खोली आहे. पुढची भिंत पडून गेली आहे, त्यामुळे दर्शनी भागावरून काही ठरवण्याचा मार्गही उरलेला नाही. हा विहार आहे, आणि जुन्या काळातला आहे.

पुन्हा जाल तेव्हा या लेण्यातल्या एखाद्या खोलीच्या दारात उभे राहून आत पाहा. समोर दगडातच कोरून काढलेले दोन ओटे दिसतील, माणूस जेमतेम आडवा होईल एवढेच. हे भिक्खूंचे बिछाने. एका खोलीत दोघे. आतला अंधार डोळ्यांना सरावायला थोडा वेळ लागतो, मग छिन्नीचे घाव दिसू लागतात. मला स्वतःला विहार म्हणजे काय ते चित्रांनी भरलेल्या मोठ्या लेण्यांपेक्षा या ओट्यांपाशी जास्त कळले. फोटोत ओटा दिसत असेल तर बाकी काहीही पाहायची गरज नाही, चैत्यगृहात झोपायची जागा नसते.

पाचव्या शतकातले विहार, म्हणजे क्र. १, २, १६, १७, मात्र इतके सरळ नाहीत. त्यांत मध्ये खांब आहेत आणि समोर गाभाऱ्यात मोठी बुद्धमूर्ती आहे, म्हणून पुष्कळ लोक त्यांना ‘चैत्य’ समजतात. तिथे खांबांची मांडणी निकाल देते. ते चौकाच्या चारही बाजूंना, काटकोनात उभे असतात, कुठेही वळत नाहीत, आणि त्यांच्या मागे तीन भिंतींत खोल्यांची दारे असतात. छत सपाट असते आणि त्यावर चौकोन पाडून चित्रे काढलेली असतात. ही लेणी राहण्याचीही होती आणि पूजेचीही, पण वास्तूचा प्रकार विहाराचाच.

तिसरा फोटो मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिथे ओळख पटवणारी मुख्य वस्तूच गेलेली आहे. पितळखोऱ्याचे लेणे क्र. ३ हे चैत्यगृह आहे. त्याचा दर्शनी भाग कोसळलेला आहे, म्हणून मोठी कमान नाही. स्तूपाचा फक्त खालचा भाग कातळात कोरलेला होता आणि वरचा भाग बांधून काढलेला होता. तो बांधीव भाग नाहीसा झाला, आणि आज जो पाया उरला आहे तो खांबांआड सहज झाकला जातो. मग उरते काय? अठपैलू, साधे, ना खाली बैठक ना वर नक्षी असे खांब, आणि ते किंचित आतल्या बाजूला कललेले. ही ठेवण लाकडी बांधणीतून आलेली आहे. खांबांमागच्या वाटेचे छत पाव-गोलाकार आहे आणि त्यावर दगडी फासळ्या आहेत. तुमच्या फोटोच्या डाव्या कडेला त्या दिसायला हव्यात, फोटो मोठा करून पाहा. भिंतीत खोल्या नाहीत. एवढ्यावरून स्तूप न दिसताही चैत्यगृह ठरते. स्तूपाच्या त्या पायात कोरलेल्या खोबणींतून पवित्र अवशेष ठेवण्याचे स्फटिकाचे करंडक मिळाले होते, म्हणजे इथे असे अवशेष ठेवून पूजा होत होती याचा पुरावाही हाती आहे.

त्याच खांबांवर बुद्धाची रंगीत चित्रे आहेत. ती लेणे खोदल्यानंतर काही शतकांनी काढलेली आहेत, म्हणून चित्रांवरून लेण्याचा काळ ठरवू नका. शेजारचे क्र. ४, ज्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, तो विहार आहे, आणि त्याच्या खोल्यांवरही कमानी आहेत. दोन्ही फोटो शेजारी लावले तर मुलांना आपोआप दिसेल की कमानी विहारात टिकल्या आणि चैत्यगृहाची कमान पडली, म्हणून कमानीवर विसंबणारा माणूस दोन्हीकडे चुकेल.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. कोकणात कुड्याला सपाट छताची चौकोनी चैत्यगृहे आहेत आणि जुन्नरच्या तुळजा लेण्यात दालन पूर्ण गोल आहे, तिथे छताची खूण लागू पडत नाही, स्तूप आणि त्याभोवतीची वाट हीच खूण धरावी लागते. उलट अजिंठ्याच्या क्र. ११ या विहारातल्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीमागे अर्धवट राहिलेला स्तूप आहे. तिथे स्तूप दिसला म्हणून चैत्यगृह म्हणता येणार नाही, कारण दालनाच्या भिंतींत खोल्या आहेत आणि छत सपाट आहे.

फोटो नव्याने काढणार असाल तर उंबरठ्यावर मधोमध उभे राहा, मोबाइल उभा धरा आणि छत व जमीन दोन्ही येऊ द्या. दुसरा फोटो बाजूच्या भिंतीचा घ्या. फ्लॅश बंद ठेवा, अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत तो वापरायला मनाई आहे. क्र. २६ मध्ये डावीकडच्या वाटेत महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. तिचाच फोटो बहुतेक जण घेतात आणि त्यात ना छत येते ना स्तूप, त्यामुळे नंतर ते लेणे कोणत्या प्रकारचे हे फोटोवरून सांगता येत नाही. तिथे दोन पावले मागे सरून एखादा खांब आणि त्यावरची फासळी चौकटीत घ्या.