लांब वाक्य कापू नका, सोडवा

प्रश्न: बातमीतलं हे वाक्य फार लांब झालंय, पण सगळंच महत्त्वाचं वाटतं. यातला कोणता भाग काढू? “परतीच्या पावसाने सोयाबीन आडवे झालेल्या ज्या शेतकऱ्यांनी, मोबाइलला रेंज नसल्यामुळे ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवता न आल्याने, तलाठ्याकडे लेखी अर्ज दिले होते, त्यांच्या शेतांचे पंचनामे, तलाठी दोन गावांचा कारभार पाहत असल्यामुळे रखडले असून ते दिवाळीपूर्वी व्हावेत अशी मागणी ग्रामसभेत करण्यात आली.”

उत्तर: काहीही काढू नका. रेंजचा भाग काढलात, तर शेतकऱ्यांनी हयगय केली असं वाटेल. तलाठ्याचा भाग काढलात, तर तो मुद्दाम टाळतोय असं वाटेल.

मी लातूरला एका दैनिकात तालुक्याच्या बातम्या तपासतो. असं वाक्य आलं की आधी क्रियापदं शोधतो, दडलेलीसुद्धा: झालेल्या, नसल्यामुळे, न आल्याने, दिले होते, पाहत असल्यामुळे, रखडले असून, व्हावेत, करण्यात आली. आठ झाली, म्हणजे आठ गोष्टी सांगायच्या आहेत. मग त्या घडल्या त्या क्रमाने लिहितो:

“परतीच्या पावसाने सोयाबीन आडवे झाले. नुकसान ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचे होते. पण मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे काही शेतकऱ्यांना कळवता आले नाही. त्यामुळे त्यांनी तलाठ्याकडे लेखी अर्ज दिले. तलाठ्याकडे दोन गावांचा कारभार आहे. त्यामुळे या अर्जदारांच्या शेतांचे पंचनामे रखडले आहेत. ते दिवाळीपूर्वी व्हावेत, अशी मागणी ग्रामसभेत करण्यात आली.”

वाक्य तोडताना ‘-मुळे’, ‘-ने’ हे प्रत्यय गळतात आणि त्यांच्याबरोबर कारणही गळतं. “रेंज नव्हती. अर्ज दिले.” एवढंच लिहिलं तर दोन्हींचा संबंध वाचकाने जोडायचा. म्हणून प्रत्यय गेला तिथे ‘त्यामुळे’ आलाच पाहिजे. ‘ज्या… त्यांच्या’ ही जोडी तर फार सांभाळा. ती सगळ्या गावाबद्दल बोलत नाही, फक्त अर्ज दिलेल्यांबद्दल बोलते. म्हणून मी ‘काही शेतकऱ्यांना’ आणि ‘या अर्जदारांच्या’ घातलं. ते नसतं तर गावातले सगळेच पंचनामे रखडले, असा चुकीचा अर्थ छापून गेला असता.

शब्द फारसे वाढत नाहीत. थोडे वाढले तर वाढू द्या.

एक गाठ मात्र तुम्हालाच सोडवावी लागेल. ‘रखडले असून’ हे कोण म्हणतंय? ग्रामसभेतले लोक, की तुम्ही स्वतः तपासून? लांब वाक्यात हे झाकून जातं, तोडलं की उघडं पडतं. मी वर ते बातमीचं म्हणणं म्हणून लिहिलंय. तुम्ही तलाठ्याशी बोलला नसाल, तर तिथे “पंचनामे रखडले आहेत, असे ग्रामस्थांनी सांगितले” असं करा आणि छापायला देण्याआधी तलाठ्याला एक फोन लावा.