स्कूटरच्या संपलेल्या विम्याची तारीख पीडीएफमध्ये बदलता येईल का?

"माझ्या स्कूटरचा विमा मार्चमध्ये संपला. स्कॅन केलेली पीडीएफ आहे, त्यात फक्त शेवटची तारीख पुढच्या वर्षाची करायची आहे. नाकाबंदीत दाखवण्यापुरतीच. कुठल्या अॅपवर होईल, किंवा कोणी करून देईल का?"

मी करून देणार नाही, आणि कशी करायची तेही सांगणार नाही. आरटीओजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. असा कागद घेऊन माणसं माझ्याकडेही येतात, त्यांनाही मी नाहीच म्हणतो.

यंदा मे महिन्याच्या सुरुवातीला एक काका आले होते. ११० सीसीची जुनी स्कूटर, विमा १२ मार्चला संपलेला. "एकच आकडा बदलायचा आहे रे, पन्नास रुपये घे," म्हणाले. मी त्यांच्या गाडीचा नंबर mParivahan अॅपमध्ये टाकला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. विमा संपल्याची तारीख तिथे दिसत होती. पोलीस ई-चलानच्या मशीनवर गाडी नंबरावरून तपासतात, म्हणजे तुमचा कागद कितीही सफाईदार असला तरी खरी तारीख त्यांना वाहन प्रणालीत दिसते. शिवाय बहुतेक पॉलिसींवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की कंपनीकडची मूळ नोंद उघडते.

विमा नसल्याचा पहिला दंड २००० रुपये आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण तारीख बदललेला कागद पुढे केलात की प्रकरण दंडावर थांबत नाही. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये बसतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. तो खरा म्हणून दाखवणं हा कलम ३४० खाली वेगळा गुन्हा. आणि तुमच्या स्कूटरने कोणाला धडक बसली, तर भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण कंपनीकडेच विचारतं. कंपनी सांगते, त्या दिवशी पॉलिसी नव्हती. मग ती रक्कम तुमच्या घरातून जाते, आणि मृत्यू किंवा जखमेच्या भरपाईला वरची मर्यादा नसते.

नवा विमा घ्यायला त्या काकांना अर्धा तासही लागला नाही. आधी एक गोष्ट बघा: तुमची स्कूटर १ सप्टेंबर २०१८ नंतर नवी घेतलेली असेल, तर तिच्यासोबत थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा मिळालेला असतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकच वर्षाचा. कागदावर दोन वेगळ्या मुदती छापलेल्या असतात. कित्येक जण छोटी तारीख वाचून घाबरतात, प्रत्यक्षात कायद्याला लागणारा भाग चालू असतो.

काकांची गाडी त्याआधीची होती. १ जून २०२२ पासूनच्या सरकारी दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला थर्ड पार्टीचे ७१४ रुपये आहेत, १८ टक्के जीएसटी धरून ८४३. हा दर सरकार ठरवतं, म्हणून कुठल्याही कंपनीकडे मूळ रक्कम तीच. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे आधी कुठे नसेल तर तोही घ्यावा लागतो, त्याचे पैसे कंपनीगणिक वेगळे. नुसत्या थर्ड पार्टीला गाडीची तपासणी बहुधा लागत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा हवा असेल, तर मुदत तुटल्यामुळे कंपनी गाडीचे फोटो किंवा व्हिडिओ मागू शकते.

फॉर्ममध्ये मागची पॉलिसी कधी संपली ते विचारतात, तिथे खरंच लिहा. काकांना ५२ दिवस झाले होते. ९० दिवस उलटले नव्हते, म्हणून क्लेम न केल्याची त्यांची सवलत शाबूत राहिली. ही सवलत फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. ९० दिवस उलटले की ती जाते, आणि खोटी सवलत घेतली तर पुढे क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडून उघड होते.

नवी पॉलिसी मागच्या तारखेपासून मिळत नाही. पैसे भरल्यानंतरच जबाबदारी सुरू होते, कधी त्याच दिवशी ठरावीक वेळेपासून, कधी पुढच्या दिवसापासून. ती वेळ पॉलिसीवर छापलेली असते, तोवर स्कूटर घरीच ठेवा. पैसे भरण्याआधी आरसी पुस्तक समोर ठेवून चासी आणि इंजिन नंबर एकेक अक्षर जुळवा. तिथे एक अक्षर चुकलं तर वाहन प्रणालीतली नोंद अडकू शकते. काकांच्या फॉर्ममध्ये शून्याच्या जागी ओ पडला होता, मी तो आधीच पकडला. दोन दिवसांनी त्यांनी दुकानात येऊन अॅप उघडलं, नवी तारीख दिसत होती. तुम्हाला दोन-चार दिवसांत दिसली नाही, तर पॉलिसी नंबर घेऊन कंपनीला कळवा. तोवर ईमेलवर आलेली मूळ पीडीएफ फोनमध्ये ठेवा.