बॅटन तीन वेळा पडलं, तीन वेळा उचललं

प्रश्न: मी चीनमधे एका शाळेत इंग्लिश शिकवते, सहावीचा वर्ग आहे. पुढच्या शुक्रवारी स्पोर्ट्स डे आहे आणि त्याआधी वर्गासमोर मी चायनीजमधे काहीतरी मोटिवेशनल बोलावं असं वर्गशिक्षिका म्हणतायत. माझं चायनीज बाजारहाटापुरतंच आहे. एक मिनिटाचं छोटं भाषण कोणी देईल का? उच्चार मराठीत लिहून दिले तर बरं.

उत्तर:

मी सुजौजवळ एका शाळेत चार वर्षं इंग्लिश शिकवत होतो, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय. पहिल्या वर्षी नेटवरून एक तयार भाषण उचललं, त्यात ते चार-चार अक्षरांचे जोडशब्द खच्चून भरलेले, म्हणजे आपल्याकडे कसं प्रमुख पाहुणे "यशाची उत्तुंग शिखरे पादाक्रांत करा" म्हणतात तसलं, मी आठवडाभर घोकून पाठ केलं आणि मुलं शेवटपर्यंत शूजच्या लेस बांधत बसली. वर शेवटी जोरात ओरडलो ते सूर चुकून च्या१यो२ च्या जागी च्या३यो२ झालं, आकडे म्हणजे सूर. च्या१यो२ म्हणजे "तेल घाल", आपलं "चलो, जोर लाव". च्या३ म्हणजे नकली. म्हणजे मी साठ पोरांसमोर मूठ आवळून "नकली तेल!" अशी घोषणा दिली. ते मात्र त्यांना वर्षभर लक्षात राहिलं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, तिथल्या स्पोर्ट्स डेला भाषणांचा तुटवडा नसतो. ओपनिंगला प्रत्येक वर्ग चौकोनी तुकडी करून पाटी घेऊन स्टेजसमोरून जातो, स्टेजपुढे आल्यावर स्वतःची घोषणा देतो, मग झेंडा, मग प्रिन्सिपलचं भाषण, मग खेळाडूंची शपथ, पंचांची शपथ. आणि दिवसभर लाऊडस्पीकरवर मुलांनीच लिहून पाठवलेले उत्तेजनाचे उतारे वाचत राहतात, कित्येक शाळांत त्याचेही वर्गाला पॉइंट मिळतात त्यामुळे न पळणारी मुलं धडाधड लिहीत बसलेली असतात. "चिकाटी म्हणजेच विजय", "जिंकलात तर माजू नका, हरलात तर खचू नका", "मैत्री पहिली, स्पर्धा दुसरी" हे सगळं त्या दिवशी शंभरदा कानावर पडतं. हे शेवटचं तर 1971 च्या पिंगपाँग डिप्लोमसीच्या काळात गाजलेलं वाक्य आहे, म्हणजे या मुलांच्या आजोबांनीही ते ऐकलेलं. त्यात तुम्ही एकशे एकावं भाषण करून काही उपयोग नाही. तुमच्याकडे एकच गोष्ट आहे जी प्रिन्सिपलकडे नाही, तुम्ही त्या वर्गाची प्रॅक्टिस बघितली आहे (बघितली नसेल तर आज-उद्या खाली जाऊन बघा, प्लीज). तेच बोला.

मी दुसऱ्या वर्षी तेच केलं. रिलेच्या प्रॅक्टिसला आमच्या मुलांच्या हातून बॅटन सारखं पडायचं. ते धरून हे लिहिलं आणि वर्गशिक्षिकेकडून तपासून घेतलं. आकडे म्हणजे सूर, ते कसे लावायचे ते खाली सांगतो.

लाओ३ष१मन, थोंग२श्वे२मन, चाओ३षांग हाओ३!
चिन१थ्येन१ ष४ वो३मन त युन४तोंग४ह्वे४.
वो२ फाओ३ त पू२ ख्वाय४, ख३ष४ वो२ हान३ त हन२ श्यांग३.
षांग४ क शिंग१छी१, वो३ खान४ नी३मन ल्येन४ च्ये१ली४.
पांग४ त्याओ४ ल सान१ त्स४, नी३मन च्येन३ ल सान१ त्स४.
चिन१थ्येन१ याओ४ष त्याओ४ ल, च्येन२ छी३लाय, च्ये१च फाओ३!
षांग४छांग३ त थोंग२श्वे२, चिन४ली४ फाओ३.
पू२ षांग४छांग३ त थोंग२श्वे२, ता४षंग१ हान३.
फाओ३ ती४ई१, वो३मन कु२चांग३.
फाओ३ च्वे४होउ४, वो३मन ये३ कु२चांग३.
ल्यौ४ न्येन२ची२ सान१ पान१, च्या१यो२!

अर्थ असा: शिक्षकहो, विद्यार्थ्यांनो, गुड मॉर्निंग. आज आपला स्पोर्ट्स डे. मला काही फास्ट पळता येत नाही, पण ओरडता जोरात येतं. गेल्या आठवड्यात मी तुमची रिलेची प्रॅक्टिस बघितली. बॅटन तीनदा पडलं, तुम्ही तीनदा उचललंत. आज पडलं तर उचला आणि पुढे पळा. जे मैदानात उतरणार त्यांनी जीव तोडून पळा, जे उतरणार नाहीत त्यांनी मोठ्याने ओरडा. पहिला आला तरी आम्ही टाळ्या वाजवू, शेवटचा आला तरी टाळ्या वाजवू. सहावी, वर्ग तिसरा, च्यायो!

शेवटच्या ओळीत ल्यौ४ म्हणजे सहा आणि सान१ म्हणजे तीन, तुमचा वर्ग नंबर दुसरा असेल तर तो टाका: ई१, अर४, सान१, स४, वू३. आणि बॅटन पडलंच नसेल तर खोटं सांगू नका हां, मुलं तिथल्या तिथे "नाही पडलं!" म्हणतील. दोरीउड्या असतील तर दोरी अडकली म्हणा, जे खरं झालं ते. वाक्य मात्र वर्गशिक्षिकेकडून बदलून घ्या, क्रियापद बदलतं.

आता उच्चार, आणि इथे मराठी माणसाला एक फायदा आहे जो इंग्लिश गोऱ्यांना नाही. पिनयिनमधे, म्हणजे इंग्लिश अक्षरांत लिहिलेल्या चायनीजमधे, जो बी लिहितात तो आपला ब नाहीच, तो साधा प आहे, आणि पी लिहितात तो श्वास सोडून म्हटलेला प, म्हणजे ओठ मिटून म्हटलेला खरा फ, फळातला, फॅनमधला नाही. तसंच डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. आपण क-ख, त-थ, प-फ हे लहानपणापासून वेगळे म्हणतो त्यामुळे आपल्याला ते आयतं मिळतं, फक्त इंग्लिश अक्षरं बघून ब, ड, ग म्हणायचा मोह टाळायचा. म्हणून मी बॅटनला पांग४ लिहिलंय आणि पळण्याला फाओ३. अजून एक, चाओ३ आणि च्वे४ मधला च हा "चमचा"तला च, आणि चिन१, च्ये१ मधला "चिमणी"तला. हिंदीवाल्यांना हा फरक समजावताना घाम फुटतो, आपल्याला एका शब्दात कळतो. कु२चांग३ आणि च्ये१च मधल्या "चांग" आणि "च"ला मात्र जीभ मागे वळवा, ट म्हणताना वळवतो तशी. ष लिहिलाय तिथेही जीभ तशीच मागे, श लिहिलाय तिथे ओठ हसरे ठेवून पुढून. त्स४ (म्हणजे "वेळा") ला त्स म्हणून वर श्वास सोडा, हा आवाज आपल्याकडे नाही, थोडा चुकला तरी चालेल, मागे "तीन" असल्यामुळे अर्थ कळतो.

सुरांचं असं आहे. १ म्हणजे वरच्या पट्टीत सपाट, डॉक्टर घसा बघताना "आ" करायला लावतो तसा. २ खालून वर, आपण फोनवर नीट ऐकू न आल्यावर "काय?" म्हणतो तसा. ३ खाली दाबलेला, नाइलाजाने "बरंऽ" म्हणताना जातो तसा, पुस्तकात तो खाली जाऊन वर येतो असं दाखवतात पण वाक्यात बोलताना बहुतेक खालीच राहतो. ४ वरून खाली आपटायचा, मुलाला "थांब!" म्हणतो तसा. आकडा नसेल तिथे हलकेच उरकायचं.

तुम्ही डिक्शनरीत बघाल तर काही आकडे माझ्यापेक्षा वेगळे दिसतील, घाबरू नका. दोन ३ लागोपाठ आले की पहिल्याचा २ होतो, म्हणून "वो३ फाओ३" चं वो२ फाओ३ झालं, च्येन३ छी३लाय चं च्येन२ झालं, टाळ्यांच्या कु३ चा कु२ झाला. आणि "नाही"वाला पू४ असतो तो पुढे ४ आला की पू२ होतो, म्हणून पू२ ख्वाय४, पू२ षांग४छांग३. हे बदल मी आधीच करून लिहिलेत, तुम्ही फक्त वाचा.

सगळे सूर बरोबर लावायच्या नादात रोबोटसारखं वाचू नका. खरंतर दोनच जागा आहेत जिथे चूक परवडत नाही. एक च्या१यो२, माझं नकली तेल आठवा, पहिला सूर उंच आणि सपाट, गात असल्यासारखा ताणायचा, दुसरा वर चढवायचा. आणि दुसरी जागा पांग४ त्याओ४ ल, कारण सगळं भाषण त्या पडलेल्या बॅटनवर उभं आहे, ते नाही कळलं तर पुढचं उचलणं कशाचं ते कळणार नाही. तिथे दोन्ही ४ नीट आपटा, आणि "सान१ त्स४" म्हणताना तीन बोटं वर करा. मी बोटं दाखवली तेव्हा मागच्या रांगेतली पोरं हसली आणि बॅटन पाडणाऱ्या पोराला कोपरखळ्या मारायला लागली, तेव्हाच कळलं की पोचलं. हसू आलं नाही तर समजा कळलं नाही, मग तेवढी ओळ परत सावकाश म्हणा, पुढे पळू नका.

लांबी वाढवू नका. हे साधारण शंभर अक्षरांच्या आसपास आहे, सावकाश म्हटलं, मधे हसायला जागा सोडली तर एक मिनिट होतं. "गुड लक"चं शब्दशः भाषांतर ॲपमधून घेऊन शेवटी लावायचा विचार असेल तर नको, मैदानावर कोणी तसं म्हणत नाही, च्यायोतच ते आलं. "जिंकलंच पाहिजे" पण नको, ते त्यांना घरून भरपूर मिळतं. आठवी-नववीचा वर्ग असता तर मी चीनच्या धावपटू सु पिंगथ्येनचं एक वाक्य घालायला सांगितलं असतं, तो टोकियो ऑलिंपिकला 2021 मधे शंभर मीटरच्या सेमीफायनलला 9.83 सेकंदात पळाला तेव्हा एकतीस वर्षांचा होता, आणि त्याआधी काही वर्षं स्टार्टचा पाय बदलून पुन्हा पहिल्यापासून शिकला होता. पण सहावीला आपल्याच वर्गातल्या पोराचं बॅटन जास्त जवळचं वाटतं.

वेळ कधीची घ्यायची तेही विचारून घ्या. स्टेजवरून बोलायला लावलं तर शक्यतो नाही म्हणा, तिथे मग "आदरणीय नेतेमंडळी" पासून सुरुवात करावी लागते आणि क्रम चुकला तर वर्गशिक्षिकेला ऐकावं लागतं. तुकडी मार्चसाठी मागे रांगेत उभी राहते तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात, मुलं कंटाळलेली असतात, हीच तुमची वेळ. माइक नको, समोर उभं राहून बोला.

घोकताना लिहिलेलं वाचून घोकू नका, वर्गशिक्षिकेला एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यायला सांगा आणि भांडी घासताना ऐकत म्हणत रहा, पाच दिवस पुरतात. सायलेंट स्टडी पीरियडला एखाद्या चुणचुणीत मुलीला ऐकवलंत तर ती तुमच्या सगळ्या चुका बिनधास्त सांगेल, मोठी माणसं सांगत नाहीत, "फार छान बोलता" म्हणतात. आणि शेवटची ओळ झाल्यावर थँक यू म्हणायला जाऊ नका, "सान१ पान१" म्हणून मूठ वर करा आणि थांबा, च्यायो ते स्वतःच ओरडतील.