मुख्याध्यापकांना बोनाफाईडसाठी अर्ज

*"मुलगी नववीत आहे. एनएमएमएसचा ऑनलाइन अर्ज भरायचाय, त्याला शाळेचं बोनाफाईड जोडायला सांगितलंय. मुख्याध्यापकांना अर्ज कसा लिहू?"*

अर्ज पाच-सहा ओळींचाच असू द्या. घरची परिस्थिती वगैरे लिहायची गरज नाही. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला असतोच. असा लिहा:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> (शाळेचे पूर्ण नाव, गाव)
>
> विषय : शिष्यवृत्तीसाठी बोनाफाईड प्रमाणपत्र मिळणेबाबत.
>
> महोदय,
> माझी मुलगी कु. (पूर्ण नाव) आपल्या शाळेत इ. ९ वी, तुकडी (…) मध्ये चालू शैक्षणिक वर्षात शिकत आहे. तिचा जनरल रजिस्टर क्र. (…) आहे. एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जासोबत बोनाफाईड प्रमाणपत्र जोडायचे असून अर्जाची शेवटची तारीख (…) आहे. तरी त्याआधी प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडली आहे.
>
> आपला विश्वासू,
> (पालकाची सही, नाव, मोबाईल क्र., दिनांक)

रजिस्टर क्रमांक माहीत नसेल तर वर्गशिक्षकांना विचारा. तो असला की क्लार्कला पानं चाळावी लागत नाहीत. शेवटची तारीखही टाकाच, नाहीतर अर्ज गठ्ठ्यात तळाशी जातो.

आता खरी मेख. बोनाफाईडवर जनरल रजिस्टरमध्ये आहे तेच नाव येतं, तुम्ही अर्जात लिहिलेलं नाही. माझ्या मुलाच्या वेळी रजिस्टरला वडिलांचं नाव 'बाळासाहेब' आणि आधारवर 'बाळू'. घरात दोन्ही चालतं, ऑनलाइन अर्जात चालत नाही. दोन माणसं वेगळी समजून अर्ज परत आला. म्हणून अर्ज देतानाच क्लार्कला विनंती करून रजिस्टरमधली नोंद बघून घ्या. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. तफावत निघाली तर "बोनाफाईडवर जरा बदलून द्या" असा आग्रह धरू नका. रजिस्टर सोडून वेगळं लिहून देणं शाळेच्या हातात नसतं, आणि रजिस्टरमधली नोंद बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्या मानाने आधार दुरुस्त करणं सोपं. आम्हीही तेच केलं, पण त्यात दिवस गेले, म्हणून आधीच बघा म्हणतोय.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा: चालू वर्ष, जावक क्रमांक, तारीख, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का. शिक्का सहीवर बसून सही दिसेनाशी झाली असेल तर दुसरी प्रत मागा, स्कॅनमध्ये तिथे नुसता निळा डाग येतो.